एका नव्या जागेसाठी एचआरला द्यायचे टिपण: आकडे कसे काढावेत आणि घाई कशी मांडावी

विभागप्रमुख झाल्यावर पहिल्यांदाच नवी जागा मागायची वेळ येते तेव्हा बहुतेक जण थेट टिपण लिहायला बसतात आणि पहिले वाक्य लिहितात, "आमच्या विभागावर कामाचा प्रचंड ताण आहे." माझे पहिले टिपणही असेच होते आणि ते चार दिवसांत परत आले. एचआरमधल्या बाईंनी फोनवर शांतपणे विचारले, "सर, ताण सगळ्यांनाच आहे. तुमचा ताण मी कुठल्या रकान्यात भरू?" त्या वेळी मला तो खोचकपणा वाटला. पुढे लक्षात आले की त्यांच्याकडे खरोखरच एक तक्ता होता, त्यात रकाने होते आणि त्यातल्या एकाही रकान्यात माझे वाक्य बसत नव्हते.

एचआरची व्यक्ती ही तुमच्या मागणीचा निकाल देणारी नसते, किमान एकटी तरी नसते. ती तुमचे टिपण घेऊन वित्तप्रमुख आणि कारखान्याचे प्रमुख यांच्यासमोर बसते, आणि तिथे तुम्ही नसता. म्हणून टिपण असे हवे की तुमच्या अनुपस्थितीत दुसऱ्या कोणाला त्यातली दोन-तीन वाक्ये जशीच्या तशी वाचून दाखवता येतील आणि त्यावर येणाऱ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच पानावर सापडेल. टिपण एका पानाचे असते. त्याच्या मागचा हिशेब मात्र दोन आठवड्यांचा असतो.

हे सगळे मी एका उदाहरणावरून सांगतो. चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचा बिल-देयक विभाग, म्हणजे पुरवठादारांची बिले तपासून, नोंदवून त्यांचे पैसे सोडणारी चार जणांची टीम, असे धरू. जुलैपासून कारखान्यात नवी उत्पादन लाइन सुरू झाली, बिले वाढली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला विभागप्रमुखाला एक जागा मागायची आहे. आकडे मी समजण्यासाठी सोपे करून घेतले आहेत, पण त्यांची जातकुळी खरी आहे.

पहिली पायरी: जागा नवी आहे की रिकामी झालेली

कोणी सोडून गेले असेल तर ती रिकामी जागा भरणे होय, आणि तिचा मार्ग वेगळा व सोपा असतो, कारण तिचा पगार अंदाजपत्रकात आधीच धरलेला असतो. नवी जागा म्हणजे मंजूर संख्येत एकाची भर. ती वर्षाच्या मनुष्यबळ आराखड्यात होती का, हे एचआर सर्वांत आधी पाहते. होती असेल तर आराखड्यातील ओळ दाखवून मोकळे व्हावे. नसेल तर टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात तसे स्वतःहून लिहावे, आणि आराखडा बनवताना जे ठाऊक नव्हते ते काय घडले हेही लगेच सांगावे. आपल्या उदाहरणात नव्या लाइनचा निर्णय आराखडा मंजूर झाल्यानंतर झाला. एवढे एक वाक्य पुरते, पण ते वगळले तर वाचणाऱ्याला वाटते की तुम्ही आराखडा नीट केला नव्हता आणि आता चूक झाकता आहात.

दुसरी पायरी: काम मोजणे

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण टिपण टिकते ते याच बळावर.

बिलांची संख्या प्रणालीतून सहज मिळते. एसएपी वापरणाऱ्यांनी FBL1N मधून महिन्याची यादी काढावी आणि त्यात नोंदणीची तारीख आणि बिलाची तारीख असे दोन्ही रकाने दिसतील असे पाहावे. मात्र नुसती संख्या फसवी असते. आमच्याकडे वाहतूकदाराचे एक बिल म्हणजे एक कागद, आणि त्याला टाचणीने लावलेल्या तीस-चाळीस लॉरी रिसीट. प्रत्येक रिसीटवर गेटचा शिक्का आहे का, ठरलेला दर लागला आहे का, त्याच फेरीचे पैसे मागच्या बिलात तर गेले नाहीत ना, हे सगळे पाहावे लागते. प्रणालीच्या हिशेबी तेही एकच बिल आणि खरेदी आदेशाशी तीन मिनिटांत जुळणारे बोल्टचे बिलही एकच बिल. म्हणून कामाचे तीन-चार प्रकार पाडावेत. दहा पाडू नयेत, कारण दहा प्रकारांचा तक्ता कोणी वाचत नाही.

मग प्रत्येक प्रकाराला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा. टीमला "एका बिलाला किती वेळ लागतो?" असे विचारू नये. उत्तर नेहमी गोल आकड्यात येते आणि ते बहुधा सर्वांत त्रासदायक बिल आठवून दिलेले असते. त्यापेक्षा दोन वेगवेगळ्या माणसांशेजारी बसून प्रत्येक प्रकारची वीसेक बिले पाहावीत, मिनिटे लिहून घ्यावीत, ती चढत्या क्रमाने लावावीत आणि मधला आकडा घ्यावा. सरासरी घेतली तर एखादे बिघडलेले बिल सगळा हिशेब वर ओढते, आणि नेमके तेच बिल बैठकीत कोणीतरी बोट ठेवून विचारते. शेजारी का बसतो आहोत हे टीमला आधी सांगावे, नाहीतर लोक घाईने किंवा मुद्दाम सावकाश काम करतात. मला दोन्ही अनुभव आले आहेत.

आपल्या उदाहरणात सप्टेंबरची मोजणी अशी निघाली. खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि बिल या तिन्ही गोष्टी जुळवून नोंदवायची बिले २,०००, प्रत्येकी ८ मिनिटे. वाहतूक, कंत्राटी कामे, दुरुस्ती अशा सेवांची बिले ६००, प्रत्येकी १५ मिनिटे. पहिल्या प्रकारातली ३०० बिले दराच्या किंवा नगाच्या फरकामुळे अडतात, आणि त्यासाठी खरेदी विभागाशी व स्टोअर्सशी बोलण्यात आधीच्या ८ मिनिटांवर आणखी २० मिनिटे जातात. याखेरीज पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ, टीडीएस, जीएसटीची जुळवणी आणि महिन्याची अखेर, असे बिलांच्या संख्येवर अवलंबून नसलेले काम ११० तासांचे. एक्सेलमध्ये संख्या B2 ते B4 मध्ये आणि मिनिटे C2 ते C4 मध्ये ठेवली की एका ओळीत महिन्याचे तास मिळतात:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/60+110
```

उत्तर येते सुमारे ६२७ तास. जूनची संख्या याच मिनिटांनी गुणली तर, म्हणजे १,५०० साधी बिले, ४०० सेवा-बिले, २२५ अडलेली बिले आणि १०० तासांचे ठरलेले काम धरले तर, ४७५ तास होतात. हा दुसरा आकडा अवश्य काढावा. टीम जूनमध्ये पुरत होती आणि आता पुरत नाही, हे त्याच्याशिवाय सिद्ध होत नाही.

तिसरी पायरी: हाताशी असलेले तास

चार माणसे, रोज आठ तास, महिन्याला बावीस दिवस, म्हणजे ७०४ तास, असा हिशेब केला तर काम ६२७ तासांचेच असल्याने जागेची गरजच उरत नाही. एचआरकडे नेमका हाच गुणाकार तयार असतो. म्हणून तुमचा आकडा कसा खाली आला ते टप्प्याटप्प्याने दाखवावे लागते. वर्षाच्या सर्व प्रकारच्या रजा मिळून २४ दिवस धरल्या तर महिन्याला दोन दिवस जातात आणि वीस दिवस उरतात. जेवणाची सुट्टी वगळून जे आठ तास राहतात, त्यांतला दीडेक तास बैठका, ईमेल, चहा आणि "पेमेंट कधी येणार?" विचारणारे पुरवठादारांचे फोन यांत जातो. राहिले साडेसहा तास. वीस दिवसांचे १३० तास, चार माणसांचे ५२० तास.

साडेसहा हा आकडा फार खाली ओढायचा मोह होतो. पाच तास धरले की एकाऐवजी दोन जागांची गरज दिसू लागते. पण मग चार माणसे दिवसाचे तीन तास काय करतात, हा प्रश्न येणारच, आणि त्याचे उत्तर देताना बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो.

आता वजाबाकी: ६२७ मधून ५२० गेले, १०७ तास कमी पडतात. एका माणसाचे १३०, म्हणून गरज ०.८ माणसाची. टिपणात ०.८ असेच लिहावे. एक पूर्ण जागा मागताना ०.८ दाखवल्याने मागणी कमकुवत होत नाही. उलट वाचणाऱ्याला दिसते की आकडा मागणीला बसेल असा घडवलेला नाही. उरलेले २३ तास कुठे जातील तेही सांगता येते, कारण साठलेली बिले आहेतच.

चौथी पायरी: हिशेबाचा पडताळा

ही पायरी मी फार कमी टिपणांत पाहिली आहे, आणि माझ्या मते टिपण मंजूर होते ते हिच्यामुळे. तुमच्या हिशेबानुसार दरमहा १०७ तास कमी पडत असतील, तर ते न झालेले काम कुठेतरी दिसायलाच हवे. जुलैपासून टीम महिन्यातले दोन शनिवार येते आहे. चार माणसे, दोन शनिवार, साडेसहा तास, म्हणजे ५२ तास. उरले ५५. एका बिलाला सर्व प्रकार मिळून सरासरी १२ मिनिटे पडतात, म्हणून ५५ तासांत व्हायची सुमारे २७५ बिले दरमहा मागे राहायला हवीत.

आता प्रणालीतून महिनाअखेरच्या नोंद न झालेल्या बिलांचा आकडा काढावा. जून १४०, जुलै ४१०, ऑगस्ट ६९०, सप्टेंबर ९६०. दर महिन्याची वाढ २७०, २८०, २७०. मिनिटे मोजून काढलेला आकडा आणि प्रणालीत आपोआप साठलेला आकडा, हे दोन वेगळ्या वाटांनी येऊन एकाच जागी भेटले. ही जुळणी टिपणात एका वाक्यात लिहिली की मिनिटे खरी की खोटी यावर वाद घालायला जागाच राहत नाही.

आणि जुळले नाही तर? समजा, हिशेबाने २७५ बिले मागे राहायला हवीत आणि साठा वाढतो आहे फक्त ८० ने. मग तुमची मिनिटे फुगलेली आहेत, किंवा लोक रात्री घरून काम करत आहेत आणि ते कुठेच नोंदलेले नाही. उलट साठा ५०० ने वाढत असेल तर कमतरता माणसांची नसून दुसरीकडे असण्याचा संभव मोठा. बहुधा स्टोअर्सकडून माल मिळाल्याची नोंद वेळेवर होत नसते आणि बिल देयक विभागात नुसते वाट पाहत पडलेले असते. अशा वेळी नवा माणूस आला तरी तोही वाटच पाहील. साठलेल्या बिलांतली पन्नास बिले उचलून प्रत्येक कशासाठी थांबले आहे ते लिहून काढले की हे तासाभरात कळते. निम्म्याहून अधिक बिले दुसऱ्या विभागासाठी थांबली असतील तर टिपण थांबवावे आणि आधी त्या विभागाच्या प्रमुखांशी बोलावे.

पाचवी पायरी: घाई म्हणजे तारीख

"तातडीने" हा शब्द एचआरकडे येणाऱ्या प्रत्येक मागणीत असतो, त्यामुळे त्याला वजन उरलेले नाही. घाई सांगायची ती बाहेरून आलेल्या, आपल्या हाती नसलेल्या तारखेने. देयक विभागाला अशी तारीख कायद्यानेच दिली आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून त्यात आयकराची भर पडली. लेखा विभागात जिला सगळे ४३बी(एच) म्हणतात त्या तरतुदीमुळे, अशा पुरवठादाराची मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चला न दिलेली राहिली तर त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. ती प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळते.

नवख्यांची इथे एक गफलत होते. त्यांना वाटते की बिल आपण प्रणालीत नोंदवले त्या दिवसापासून दिवस मोजायचे. तसे नाही, दिवस माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून धावतात. बिल तुमच्या टेबलावर नोंदीविना पडले आहे, हे घड्याळाला ठाऊक नसते. म्हणून ९६० मध्ये किती बिले सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची आहेत आणि त्यांतली किती मुदतीबाहेर गेली आहेत, हे वेगळे काढावे. उदाहरणात ती ३१० आणि ८५ आहेत. टिपणात ९६० पेक्षा ८५ हा आकडा जास्त बोलका ठरतो. करावर नेमका किती रुपयांचा परिणाम होईल हे मात्र स्वतः लिहू नये. ते कर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडून घ्यावे किंवा सोडून द्यावे, कारण तो एक आकडा चुकला तर बैठकीत चर्चा त्याच्यावरच अडते.

आता ३१ मार्चपासून मागे मोजायचे. मार्चभर नव्या माणसाने स्वतंत्रपणे काम करायचे असेल तर तो फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तयार हवा. प्रणाली आणि पुरवठादार समजायला चार आठवडे, म्हणून रुजू होणे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. निवडलेल्या उमेदवाराचा नोटीस कालावधी साठ दिवस धरला तर ऑफर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जायला हवी. जाहिरात, अर्जांची चाळणी आणि मुलाखतींना सहा आठवडे धरले तर मंजुरी १५ ऑक्टोबरला हवी. मंजुरी एक महिना लांबली तर माणूस २५ फेब्रुवारीच्या सुमारास येतो आणि शिकून तयार होतो तो मार्च संपता संपता. घाई हीच आहे, आणि ती या चार तारखांत पुरी सांगून होते. सहा आठवडे आणि साठ दिवस हे आकडे एचआरलाच विचारून घ्यावेत. त्यांचेच आकडे त्यांच्यासमोर ठेवले की त्यावर वाद होत नाही.

सहावी पायरी: इतर वाटा तपासल्याचे दाखवणे

जादा वेळ, दुसऱ्या विभागातला माणूस, कंत्राटी माणूस आणि प्रणालीत सुधारणा, या चार वाटा प्रत्येक वाचणाऱ्याच्या मनात असतात. सगळ्यांना समान जागा देण्याची गरज नाही. जादा वेळाचे उत्तर पडताळ्यातच आले आहे: दोन शनिवार येऊनही साठा वाढतोच आहे. दुसऱ्या विभागाकडे हात रिकामे आहेत का, हे विचारले असेल तर कोणाला व केव्हा विचारले ते एका ओळीत लिहावे. विचारलेच नसेल तर आधी विचारावे.

कंत्राटी माणसाचा मुद्दा मात्र नीट हाताळावा लागतो. माणूस फेब्रुवारीत तयार होणार असेल तर तोपर्यंत काय, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला कंत्राटी माणूस हेच बहुधा उत्तर असते. पण मग तोच पुढे चालू का ठेवू नये, असाही प्रश्न लगेच येतो. उत्तर कामाच्या स्वरूपातून द्यावे. बाहेरच्या माणसाला खरेदी आदेशाशी जुळणारी साधी बिले देता येतात, पण दरातले फरक सोडवणे, टीडीएस ठरवणे आणि पैसे सोडण्याचे अधिकार देता येत नाहीत. त्यामुळे त्याचा उपयोग अर्ध्या माणसाइतका, महिन्याला ६५ तासांच्या आसपास. तेवढ्याने ५५ तासांची तूट भरते आणि साठा वाढणे थांबते, फारसा उतरत मात्र नाही. हे स्पष्ट लिहिले की तात्पुरती सोय आणि कायमची जागा एकमेकींच्या आड येत नाहीत.

टिपण स्वतः

प्रत्यक्षात बहुतेक कंपन्यांत हे इंग्रजीत जाते. सहकारी कारखाने, बँका आणि संस्थांमध्ये मराठीतच जाते. भाषा कोणतीही असो, बांधणी हीच राहते. विषयाच्या ओळीत पद, संख्या आणि निर्णय हवा असलेली तारीख यावी. वरच्या आकड्यांवरून तयार झालेले टिपण असे:

*विषय: बिल-देयक विभागात कार्यकारी (लेखा) पदाची एक नवी जागा, मंजुरीची विनंती १५ ऑक्टोबरपर्यंत*

*बिल-देयक विभागासाठी कार्यकारी (लेखा) पदाची एक कायम जागा मंजूर करावी, ही विनंती. ही जागा चालू वर्षाच्या मनुष्यबळ आराखड्यात नाही. आराखड्यानंतर मंजूर झालेली नवी उत्पादन लाइन जुलैपासून सुरू झाल्याने विभागाचे काम जूनमधील ४७५ तासांवरून सप्टेंबरमध्ये ६२७ तासांवर गेले आहे.*

*चार कर्मचाऱ्यांची महिन्याची उपलब्धता रजा आणि इतर कामे वगळून ५२० तास आहे. १०७ तासांची तूट राहते, म्हणजे ०.८ कर्मचारी. जुलैपासून टीम महिन्यातून दोन शनिवार काम करते (५२ तास). तरीही दरमहा सुमारे २७५ बिले मागे पडतील असा हिशेब निघतो, आणि नोंद न झालेली बिले प्रत्यक्षात जूनअखेर १४० वरून सप्टेंबरअखेर ९६० झाली आहेत.*

*या ९६० मध्ये ३१० बिले सूक्ष्म व लघु पुरवठादारांची असून ८५ बिलांची कायदेशीर मुदत उलटली आहे. अशी रक्कम ३१ मार्चला थकीत राहिल्यास व्याजाबरोबरच आयकरातील वजावटीवरही परिणाम होतो. भरती सहा आठवडे, नोटीस साठ दिवस आणि प्रशिक्षण चार आठवडे धरता मंजुरी १५ ऑक्टोबरला मिळाल्यास नवा कर्मचारी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तयार होईल. मंजुरी महिनाभर लांबल्यास वर्षअखेरीस त्याचा उपयोग होणार नाही.*

*तोपर्यंत विभागाच्या कंत्राटी खर्चातून एक कर्मचारी साध्या बिलांसाठी घेत आहोत. त्याने साठा वाढणे थांबेल, फारसा कमी होणार नाही. सामान्य लेखा विभागाशी चर्चा केली असून त्यांच्याकडे सध्या मोकळा वेळ नाही. मोजणीचा तक्ता सोबत जोडला आहे.*

एवढेच. यात टीमचे कौतुक नाही, कोणी आजारी पडल्याचा उल्लेख नाही आणि "जागा न मिळाल्यास लोक सोडून जातील" ही ओळही नाही. ती ओळ खरी असली तरी कागदावर धमकीसारखी वाचली जाते, आणि पुढे खरोखरच कोणी राजीनामा दिला तर त्याला तुम्हीच सुचवले असे होते. सांगायचीच असेल तर ती गोष्ट तोंडी सांगावी.

पगाराची श्रेणी मी टिपणात लिहीत नाही. पद लिहिले की श्रेणी एचआरच्या तक्त्यातून येते. मागणीच्या अर्जात मात्र खर्चाचे शीर्ष, वरिष्ठाचे नाव, बसायची जागा आणि संगणक यांचे रकाने असतात. ते रिकामे ठेवल्यामुळे चांगली टिपणे आठवडाभर पडून राहिलेली मी पाहिली आहेत, म्हणून अर्ज पूर्ण भरून टिपणासोबतच पाठवावा.

पाठवल्यानंतर

दोन दिवसांत फोन आला तर तो बहुधा दोन गोष्टींसाठी असतो. पहिली, "हे काम तात्पुरते वाढले आहे का?" याचे उत्तर नव्या लाइनच्या पुढच्या सहा महिन्यांच्या उत्पादन योजनेतून द्यावे, कारण आज जितका माल येणार असे ठरले आहे तितकीच बिले उद्या येणार आहेत. दुसरी, "कनिष्ठ माणूस चालेल का?" इथे हट्ट धरू नये. १०७ तासांतले साध्या बिलांचे काम किती आणि अडलेल्या बिलांचे किती, ते तक्त्यातून पाहावे. साध्या बिलांचा वाटा जास्त असेल तर कनिष्ठ माणूस घेऊन अनुभवी सहकाऱ्याकडची साधी बिले त्याच्याकडे द्यावीत आणि अडलेली बिले अनुभवी माणसाकडे वळवावीत.

नकार आला तर तो लेखी घ्यावा आणि त्यात कारण असावे असा आग्रह धरावा. अंदाजपत्रकात पैसे नाहीत हे कारण आणि काम पटले नाही हे कारण, यांवरची पुढची पावले वेगळी आहेत. पहिल्यात पुढच्या वर्षाच्या आराखड्यात हीच ओळ आधीपासून घालायची, आणि तोपर्यंत कोणते काम मागे राहणार हे वित्तप्रमुखांकडून ठरवून घ्यायचे. सूक्ष्म व लघु पुरवठादारांची बिले आधी आणि बाकीची नंतर, असा क्रम त्यांच्या सहीने आला की मार्चमध्ये तो तुमचा एकट्याचा निर्णय राहत नाही. दुसऱ्यात तक्ता घेऊन समोरासमोर बसायचे आणि कोणता आकडा पटला नाही एवढेच विचारायचे.

महिनाअखेरचा साठ्याचा आकडा मात्र दोन्ही बाबतींत दर महिन्याला, न चुकता, त्याच ईमेलला उत्तर म्हणून एका ओळीत पाठवत राहावे. कंत्राटी माणूस आल्यावर ऑक्टोबरची वाढ नोव्हेंबरमध्ये थांबली असेल तर तेही त्याच ओळीत लिहावे.